लग्नाच्या पुस्तिकेत अर्थ कुणाचा छापायचा?

शहरातल्या मराठी लग्नांत पाहुण्यांच्या हाती आता अक्षतांच्या पुडीबरोबर एक छोटी पुस्तिकाही पडू लागली आहे. नवरी पुण्याची, नवरा हैदराबादचा. मित्रमंडळींत कुणी लुधियानाचे शीख, कुणी मडगावचे ख्रिस्ती, कुणी औरंगाबादचे मुसलमान, कुणी कोलकात्याचे. मांडवात काय चालले आहे ते या सगळ्यांना कळावे, हा हेतू. तो मला मनापासून पटतो. पाहुण्याला दोन तास नुसते पाहत बसवण्यापेक्षा त्याला सांगणे केव्हाही चांगले. पण या पुस्तिकांतला मजकूर वाचला की काळजी वाटते. प्रत्येक विधीपुढे एक गोड वाक्य असते. सप्तपदी म्हणजे दोघांनी एकमेकांना दिलेली सात वचने. अंतरपाट म्हणजे दोन आत्म्यांमधला पडदा. अक्षता म्हणजे शुभेच्छांचा वर्षाव. हळद जंतुनाशक असते.

या लिखाणामागे एक समजूत आहे. प्रत्येक विधीला एक ठरलेला अर्थ असतो, तो शास्त्रात कुठेतरी लिहून ठेवलेला असतो, आणि आपण तो सोप्या भाषेत उतरवला की काम झाले. माझ्या मते ही समजूत उथळ आहे. विधीच्या वेळी तीन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. हात काहीतरी करतात, मंत्र काहीतरी म्हणतो, आणि लोक त्या दोन्हींचा काहीतरी अर्थ सांगतात. या तिन्ही गोष्टी पुष्कळदा एकमेकींशी जुळत नाहीत. पुस्तिकेने त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत आणि कुठली गोष्ट कुणाची आहे ते सांगितले पाहिजे. त्यापुढे आणखी एक सांगायचे उरते, ते म्हणजे पाहुण्याने त्या क्षणी काय करायचे, आणि काय केले नाही तरी चालेल.

१. सप्तपदी: सात वचने कुठून आली?

भाचीच्या लग्नाची पुस्तिका लिहायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मीही पहिल्या खर्ड्यात ‘सात वचने’ असेच लिहिले होते. गुरुजींनी तो परिच्छेद वाचला आणि शांतपणे विचारले, “यातले वचन कोणत्या मंत्रात आहे?” मला उत्तर देता आले नाही.

मंत्र काय म्हणतो ते नीट पाहू. महाराष्ट्रातली ऋग्वेदी घराणी आश्वलायन गृह्यसूत्राची परंपरा मानतात. त्या परंपरेत अग्नीजवळ तांदळाच्या सात लहान राशी मांडतात आणि वधू त्यांवरून एकेक पाऊल टाकते. प्रत्येक पावलाला एक हेतू आहे. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे संपत्तीच्या वाढीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी, आणि सातव्याला वर वधूला म्हणतो की तू माझा सखा हो. प्रत्येक पावलापाठोपाठ आणखी दोन मागण्या येतात. तू माझ्या व्रताला अनुसरणारी हो, ही एक. आपल्याला पुष्कळ पुत्र होवोत आणि ते म्हातारपणापर्यंत जगोत, ही दुसरी.

म्हणजे इथे बोलणारा एकच आहे, तो वर. वधू चालते, बोलत नाही. दोघांनी एकमेकांना दिलेले वचन या मंत्रांत नाही. ‘एकनिष्ठ राहू’, ‘सुखदुःखात साथ देऊ’ ही वाक्येही त्यात नाहीत. ती आपण भरली आहेत. आजच्या जोडप्याला जे म्हणावेसे वाटते ते मंत्राच्या तोंडी घातले गेले आहे. त्यामागची भावना मला समजते, पण पुस्तिका वाचणाऱ्याला मात्र आपण काहीतरी चुकीचे सांगितलेले असते.

मग सात वचने आली कुठून? उत्तर हिंदुस्थानातल्या लग्नांत वधू वरापुढे सात अटी ठेवते असे श्लोक म्हणतात. तीर्थयात्रेला मला बरोबर न्यावे, माझ्या आईवडिलांचा मान राखावा, अशा त्या अटी. ते श्लोक वेगळे आणि सप्तपदीचे मंत्र वेगळे. त्यातच उत्तरेकडे अग्नीभोवतीचे सात फेरे प्रसिद्ध आहेत. सिनेमांनी आणि मालिकांनी फेरे, अटी आणि पावले यांचे एकच गाठोडे बांधले, आणि मराठी पुस्तिकांनी ते उचलले.

याचा त्रास मांडवात बसलेल्या पाहुण्याला प्रत्यक्ष होतो. मराठी लग्नात अग्नीभोवती प्रदक्षिणा होतात त्या लाजाहोमाच्या वेळी, आणि त्या साधारणतः तीन असतात. वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत साळीच्या लाह्या घालतो, ती त्या अग्नीत सोडते, मग दोघे अग्नीला फिरून येतात आणि वधू सहाणेवर किंवा पाट्यावर पाय ठेवते. लुधियानाचा किंवा दिल्लीचा पाहुणा पुस्तिकेत ‘सात’ वाचून फेरे मोजू लागतो. तिनावर सगळे थांबते. चार राहिले का, कुणी विसरले का, असे तो शेजाऱ्याला विचारतो. गुजराती पाहुण्याच्या मनात चार फेऱ्यांचा हिशेब असतो. शिखांच्या आनंद कारजात गुरू ग्रंथसाहिबभोवती चार लावां होतात. हे आकडे प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेले असतात. म्हणून ‘आमच्याकडे प्रदक्षिणा तीन, पावले सात, आणि ही दोन वेगळी कामे आहेत’ हे एक वाक्य पाहुण्याला पानभर तत्त्वज्ञानापेक्षा जास्त उपयोगी पडते.

२. दोन घरांची सात पावले

भाचीच्या लग्नात गोष्ट इथेच संपली नाही. नवऱ्याचे घर तेलुगू, आपस्तंब सूत्राचे. त्यांच्याकडेही सातच पावले, पण हेतू थोडे निराळे. त्यांच्या पाठात तिसरे पाऊल व्रतासाठी आहे, संपत्तीसाठी नाही. पाचवे पशुधनासाठी आहे, संततीसाठी नाही. सातवे पाऊल यज्ञातल्या सात होत्रांसाठी, आणि सख्याची हाक त्यानंतर येते. प्रत्येक पावलाला विष्णूने तुझ्यामागून यावे, अशी प्रार्थनाही त्यांच्याकडे आहे. महाराष्ट्रातल्या शुक्ल यजुर्वेदी घरांत पारस्कर गृह्यसूत्र चालते. तिथेही पाचवे पाऊल पशुधनासाठीच आहे.

आता सांगा, ‘पाचव्या पावलाचा अर्थ’ काय छापायचा? एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या विधीत एका घरी मुले मागितली जातात, दुसऱ्या घरी गुरेढोरे. ‘हिंदू लग्नातील पाचवे पाऊल संततीसाठी असते’ हे वाक्य नवऱ्याच्याच काकांसमोर चुकीचे ठरते. म्हणून पुस्तिकेत ‘हिंदू विवाहात’ किंवा ‘आपल्या संस्कृतीत’ अशी सुरुवात टाळावी. ‘आज आपण जो पाठ ऐकणार आहात तो वराच्या घरचा, आपस्तंब परंपरेतला आहे’ असे लिहावे. असे लिहिल्याने विधी लहान होत नाही. तो कुणाचा आहे ते कळते, आणि दुसऱ्या घरच्या माणसाला आपले वेगळेपण चुकीचे आहे असे वाटत नाही.

पोथी कोणती वापरणार हे गुरुजींना आधी विचारल्याशिवाय पुस्तिकेचा एक शब्दही लिहू नये. मी उलटे केले. आधी इंटरनेटवरून अर्थ जमवले आणि मग गुरुजींकडे गेलो. जवळजवळ निम्मा मजकूर फेकावा लागला.

३. मीमांसकांची जुनी विभागणी

कुणी म्हणेल की कृती, मंत्र आणि अर्थ वेगळे करणे हा आधुनिक माणसाचा काथ्याकूट आहे. परंपरा हे सगळे एकत्रच पाहते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. हे वेगळे करण्याचे काम आपल्याकडे फार जुने आहे. पूर्वमीमांसा वेदवाक्यांचे प्रकार पाडते. ‘हे करावे’ असे सांगणारा तो विधी. कर्म करताना म्हणायचा तो मंत्र. आणि विधीची स्तुती करून माणसाला त्याकडे वळवणारे वाक्य तो अर्थवाद. वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे, असे एक वाक्य वेदात येते. मीमांसक म्हणतात, ही वायूविषयीची स्वतंत्र माहिती म्हणून वाचू नका. वायूसाठी सांगितलेल्या यागाची ही प्रशंसा आहे.

आपल्या पुस्तिकांतली बहुतेक वाक्ये या तिसऱ्या प्रकारची आहेत. ‘अंतरपाट म्हणजे दोन आत्म्यांमधला पडदा’ हा अर्थवाद आहे. तो वाईट नाही. त्याने ऐकणाऱ्याचे मन विधीकडे वळते. पण तो विधी म्हणून किंवा मंत्राचे भाषांतर म्हणून छापला की घोटाळा होतो.

याहून धारदार प्रश्नही आपल्याकडे विचारला गेला आहे. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदवले आहे की मंत्रांना अर्थच नसतो. मंत्राचे शब्द आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही, समानार्थी शब्द घातलेला चालत नाही. मग ते साध्या बोलण्यासारखे अर्थ सांगण्यासाठी कसे असतील, असा त्याचा रोख. यास्काने त्याला उत्तर दिले, पण त्याचे म्हणणे गाळले नाही. विसाव्या शतकात फ्रिट्स स्टाल या डच अभ्यासकाने असाच वाद पुन्हा मांडला. 1975 मध्ये केरळातल्या पांजाळ येथे झालेले अग्निचयन त्याने बारकाईने टिपले, आणि 1979 च्या लेखात म्हटले की कर्मकांड हे नियमांनी बांधलेले कार्य आहे. करणाऱ्याचे सगळे लक्ष ते अचूक करण्यात असते, प्रतीकांत नाही.

मी कौत्साच्या बाजूचा नाही. सप्तपदीचे मंत्र अन्न मागतात, बळ मागतात. हे मागणे मला अर्थहीन वाटत नाही. पण कौत्साकडून पुस्तिका लिहिणाऱ्याने एक गोष्ट घ्यावी. पुष्कळ कृतींबाबत ‘असे का करता?’ याचे खरे उत्तर ‘आमच्याकडे असेच करतात’ हेच असते. ते उत्तर छापायला लाजू नये. मुंडावळ्या का बांधतात याचे एखादे प्रतीक रचण्यापेक्षा ‘वधूवरांच्या कपाळाला मोत्यांच्या किंवा फुलांच्या मुंडावळ्या बांधतात, मराठी लग्नात नवरा-नवरी यांवरूनच ओळखू येतात’ हे पुरेसे आहे आणि खरे आहे.

४. लग्न नेमके कधी लागते?

परप्रांतीय पाहुण्याला सर्वांत जास्त हवी असलेली माहिती बहुतेक पुस्तिकांत नसतेच. लग्नाचा मुख्य क्षण कोणता? प्रत्येक प्रांताचे उत्तर वेगळे आहे, आणि ते उत्तर माणूस विचार न करता बरोबर घेऊन येतो.

मराठी माणसाच्या लेखी मंगलाष्टके संपली, शेवटचे ‘सावधान’ झाले, अंतरपाट बाजूला झाला, हार घातले गेले की लग्न लागले. त्यानंतर पंगतीची घाई सुरू होते. होम आणि सप्तपदी पुढे तासभर चालते, आणि ती घरचे लोक व हौशी नातेवाईकच पाहतात. तमिळ पाहुणा ताली बांधण्याची वाट पाहतो. गेट्टी मेळम जोरात वाजू लागले की त्याच्यासाठी तो क्षण आला. तेलुगू घरी मुहूर्ताला वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे आणि गूळ यांचे मिश्रण ठेवतात. त्याला जीलकर्र-बेल्लम म्हणतात. बंगाली पाहुण्याला विड्याच्या पानांआडून वर येणारी वधूची नजर आठवते, आणि मग सिंदूर. उत्तरेकडचा माणूस फेऱ्यांसाठी थांबतो.

आमच्या मांडवात याचा फार सुंदर पेच पडला. अंतरपाट दोन्ही घरी आहे. तेलुगू लग्नातही वधूवरांमध्ये कापड धरतात. पारशी लग्नातही दोघांमध्ये पडदा धरण्याची रीत आहे, आणि तो दूर होताच वधूवर एकमेकांवर तांदूळ टाकतात. कापड तेच, पण त्याआड होणारे काम वेगळे. मराठी घरी त्याआड वधूवर हार घेऊन उभे असतात आणि मंगलाष्टके चालतात. तेलुगू घरी त्याआडून जिरे-गूळ ठेवला जातो. दोन्ही बाजूंच्या गुरुजींनी मिळून ठरवले की मंगलाष्टके आधी होतील, मुहूर्ताच्या मिनिटाला अंतरपाटाआडूनच जिरे-गूळ ठेवला जाईल, मग अंतरपाट निघेल आणि हार घातले जातील. पुस्तिकेत हे क्रमाने लिहिले नसते तर मराठी पाहुण्यांनी शेवटच्या ‘सावधान’लाच सगळ्या अक्षता टाकून टाकल्या असत्या, आणि तेलुगू पाहुण्यांना खऱ्या क्षणी टाकायला काही उरले नसते.

कायद्याचे उत्तर आणखी वेगळे आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 7 म्हणते की वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे लग्न लावता येते, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे बहुतेक मराठी पाहुणे ज्या वेळी जेवत असतात, तो कायद्याचा क्षण. सप्तपदी नसलेल्या रूढीला हा नियम लागू नाही. वधूवर भिन्न धर्मांचे असले आणि दोघे आपापल्या धर्मात राहणार असले, तर विवाह सहसा 1954 च्या विशेष विवाह कायद्याने होतो. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या हजेरीत दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचे शब्द उच्चारणे हाच तो क्षण. अशा लग्नाच्या पुस्तिकेत ‘सातव्या पावलाला ते कायद्याने पतिपत्नी होतात’ असे लिहिले तर ते सरळ चुकीचे आहे, आणि ते मी छापलेले पाहिले आहे.

५. दुसऱ्या धर्माच्या पाहुण्यापासून काय लपवू नये

माझ्या मते हा मुद्दा सर्वांत नाजूक आहे, आणि इथे चांगल्या मनाची माणसेच जास्त चुकतात. अन्य धर्मीय पाहुण्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून आपण प्रार्थनेला शुभेच्छा म्हणतो. ‘मंगलाष्टके म्हणजे आशीर्वादपर गाणी, अक्षता म्हणजे फक्त सदिच्छा’ असे लिहितो. पण पारंपरिक मंगलाष्टकांत गणपतीला आणि इतर देवतांना हाक असते, गंगेसारख्या नद्यांची नावे घेऊन वधूवरांचे मंगल मागितलेले असते. ही प्रार्थना आहे. धर्मनिष्ठ मुसलमान किंवा ख्रिस्ती पाहुण्यासाठी ‘मी शुभेच्छा दिल्या’ आणि ‘मी दुसऱ्या देवतेच्या प्रार्थनेत सहभागी झालो’ यांत मोठा फरक असतो. तो फरक झाकून आपण त्याच्या वतीने निर्णय घेऊन टाकतो. नंतर त्याला कळले तर त्याला फसवल्यासारखे वाटेल, आणि ते वाटणे रास्त असेल.

पुष्कळ मुसलमान आणि ख्रिस्ती मित्र आनंदाने अक्षता टाकतात. काहींना मुठीत घेऊन नुसते उभे राहावेसे वाटते. दोन्ही ठीक आहे. पुस्तिकेने एवढेच करावे की हे श्लोक देवतांना उद्देशून आहेत असे स्पष्ट सांगावे, आणि अक्षता टाकणे ऐच्छिक आहे, उभे राहिलात तरी आम्हाला आनंद आहे, असे लिहावे. कपाळाला कुंकू किंवा गंध, तीर्थ, प्रसाद यांबाबतही तेच. प्रसाद आधी देवाला दाखवलेला असतो, साधे पेढे नंतर जेवणात आहेत, असे लिहिले की ज्याला नको त्याला सबब शोधावी लागत नाही.

या बाबतीत गोव्याच्या आणि वसईच्या ख्रिस्ती लग्नांच्या पुस्तिका मला आदर्श वाटतात. मिस्साच्या पुस्तिकेत कम्युनियन फक्त कॅथलिकांसाठी आहे, इतरांनी जागेवर बसून राहावे, अशी सूचना स्पष्ट छापण्याची पद्धत आहे. पहिल्यांदा वाचताना ती कोरडी वाटते. पण मी अशा चर्चमध्ये बसलो आहे, आणि त्या सूचनेने मला मोकळे वाटले. मी काय करू नये हे कळले होते, म्हणून बाकीचा सगळा वेळ मी निःशंकपणे पाहू शकलो.

६. कन्यादानाचे काय लिहायचे?

गोड अर्थाचा सगळ्यात मोठा मोह इथे होतो. वडील मुलीचा हात वराच्या हाती देतात, आई पाण्याची धार सोडते. शब्द ‘दान’ आहे, आणि धर्मशास्त्रात दानाला आपला हक्क सोडून दुसऱ्याला देणे असाच अर्थ आहे. पुस्तिकांत मात्र ‘कन्यादान म्हणजे वडिलांनी टाकलेला विश्वास’, ‘दान म्हणजे जबाबदारी सोपवणे’ असली वाक्ये येतात. परदेशातून आलेली किंवा दुसऱ्या धर्माची स्त्री ते वाचते, समोरचा प्रसंग पाहते, आणि आपल्याला काहीतरी सजवून सांगितले जात आहे हे तिच्या लगेच लक्षात येते.

प्रामाणिक वाटा दोनच आहेत. विधी ठेवायचा असेल तर त्याचा सरळ अर्थ लिहावा, आणि घराला त्याविषयी आज काय वाटते तेही घराच्या नावाने लिहावे. या विधीत वर धर्म, अर्थ आणि काम यांत हिचे उल्लंघन करणार नाही, ‘नातिचरामि’, असे म्हणतो. हे खरोखरचे वचन आहे, आणि वचन शोधणाऱ्या पुस्तिकांनी सप्तपदीऐवजी इथे पाहायला हवे होते. मात्र ते एकट्या वराचे आहे, हेही सांगावे. दुसरी वाट म्हणजे विधी वगळावा. 2024 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले आहे की हिंदू विवाह कायद्याखाली कन्यादान हा विवाहाचा आवश्यक विधी नाही. भाचीने तो वगळला. पुस्तिकेत लिहिले, ‘कन्यादान हा विधी वधूच्या इच्छेने केलेला नाही; वराने म्हणायचे वचन आज दोघेही म्हणतील.’ तिच्या आजीला हे आवडले नाही. पण आजीलाही आपली नाराजी नेमकी कशाबद्दल आहे ते कळले, कारण काही झाकलेले नव्हते.

अर्थ आणि शब्द एक असावेत असे ज्यांना तीव्रतेने वाटले, त्यांनी शब्दच बदलले. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज 1873 मध्ये स्थापला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह झाला. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर मराठीत, आळीपाळीने, एकमेकांशी बोलतात; वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते, वर तिला वचन देतो. जे म्हटले जाते तोच अर्थ असल्याने मराठी पाहुण्याला तिथे पुस्तिकेची गरज पडत नाही. तेलुगू पाहुण्याला फक्त भाषांतर लागते. जुने मंत्र तसेच ठेवायचे आणि त्यांत फुल्यांचा अर्थ घालायचा, हे मात्र दोन्हींवर अन्याय करणारे आहे.

७. विज्ञानाचा आधार

याबाबत थोडक्यातच लिहितो. जोडव्यांनी गर्भाशयाची नस दाबली जाते, काळे मणी वाईट लहरी शोषून घेतात, होमाच्या धुराने हवा शुद्ध होते, ही वाक्ये पुस्तिकेतून काढून टाकावीत. पहिल्या दोहोंना पुरावा नाही. तिसऱ्याबद्दल मांडवातल्या दम्याच्या रुग्णाला विचारावे. हळदीत औषधी गुण आहेत हे खरे, पण जखम नसलेल्या वधूला हळद त्यासाठी लावत नाहीत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रस लावतात, त्याला रोस म्हणतात. हळद आणि रोस शेजारी ठेवून पाहिले तर दोन्हींत घरच्या बायका जमतात, गातात आणि एका माणसाला नव्या आयुष्यासाठी न्हाऊ घालतात, हे दिसते. मडगावच्या पाहुण्याला हळद समजावायला ही एक ओळ पुरते.

८. दोन आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. पाहुणे लग्नात वाचायला येत नाहीत. सूत्रे, शाखा, पाठभेद त्यांच्यावर कशाला लादायचे? मी लादा म्हणत नाही. आमच्या पुस्तिकेत ‘आश्वलायन’ हा शब्द एकदाही आला नाही. लिहिणाऱ्याला भेद माहीत असले की वाचणाऱ्याला ते पेलावे लागत नाहीत. आठ पाने, नऊ विधी, प्रत्येकाला पन्नासेक शब्द. खरे वाक्य खोट्यापेक्षा लांब असतेच असे नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. घराने दिलेला अर्थ हाही अर्थच आहे. मंगळसूत्राच्या दोन वाट्या म्हणजे सासर आणि माहेर, असे माझ्या आजीने सांगितले आणि आईने मानले. गृह्यसूत्रांत मंगळसूत्राचा उल्लेखच नाही म्हणून तो अर्थ खोटा ठरवणारे आपण कोण? हे अगदी बरोबर आहे. म्हणूनच तो अर्थ ‘आमच्या घरी असे मानतात’ या शब्दांसह छापावा. तेलुगू घरात मंगळसूत्राला सोन्याच्या दोन चकत्या असतात, एक माहेरची आणि एक सासरची. तिथे जी प्रत्यक्षातली रीत आहे, ती इकडे आजीच्या सांगण्यात आहे. दोन्ही शेजारी छापल्या तेव्हा नवऱ्याच्या आईने तो भाग दोनदा वाचला. आजीचा अर्थ शास्त्राच्या नावावर खपवला असता तर ही भेट झालीच नसती, आणि आजीचे नावही पुसले गेले असते.

९. तयार झालेला परिच्छेद

सप्तपदीचा माझा पहिला खर्डा असा होता: ‘वधूवर अग्नीच्या साक्षीने सात फेरे घेतात आणि एकमेकांना प्रेम, निष्ठा व आदर यांची सात पवित्र वचने देतात.’ या एका वाक्यात चार चुका आहेत. फेरे नाहीत, वचने नाहीत, ‘एकमेकांना’ नाही, आणि प्रेम, निष्ठा, आदर हे शब्द मंत्रात नाहीत.

छापला तो असा: ‘सप्तपदी. वधू तांदळाच्या सात राशींवरून सात पावले चालते. वर तिचा हात धरून बरोबर असतो. मंत्र वर म्हणतो. तो अन्न, बळ, व्रत, सुख अशा गोष्टी एकेका पावलाला मागतो, आणि सातव्यानंतर तिला सखा म्हणतो. जुन्या मंत्रांत पत्नीने पतीला अनुसरावे असेही मागणे आहे. आज वधूवरांनी ठरवून, मंत्र झाल्यावर, दोघांच्या शब्दांत एक-एक वाक्य जोडले आहे. हा विधी सुमारे दहा मिनिटे चालतो. कृपया बसून पाहा; सातव्या पावलानंतर टाळ्या वाजवायला हरकत नाही.’

छापण्याआधी हा मजकूर तिघांना वाचायला दिला: दोन्ही घरच्या गुरुजींना, आणि भाचीच्या एका मुसलमान मैत्रिणीला. गुरुजींनी एक शब्द बदलला. मैत्रिणीने विचारले, “सखा? सखी का नाही?” मी पुन्हा गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, मंत्रातला शब्द पुल्लिंगीच आहे, आणि बोलावले जाते आहे वधूलाच. इंग्रजी भाषांतरात मी तिथे ‘जीवनसंगिनी’ या अर्थाचा शब्द घातला होता. तो काढून साधा ‘मित्र’ ठेवला.